प्लास्टरमधला नॉर्मल पाय

नर्सिंग कॉलेजात अस्थिरोगाचा विषय शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचा आवाज फार आवडायचा. वॉर्डात मुलींचा घोळका मागे घेऊन शिरलं की तो आणखी खुलायचा. त्या दिवशी त्यांनी हेरला खिडकीजवळचा शिंपी. शिडीवरून पडून नडगीचं हाड मोडलेलं, आदल्या संध्याकाळी गुडघ्याखाली प्लास्टर घातलेलं, पाय उशांवर उंच. शिकवायला याहून सोयीचा पाय कुठे मिळणार?

"बघा गं," बाईंनी बाह्या सरसावल्या. "पायाची नाडी प्लास्टरखाली झाकली गेलीय. मग काय करायचं? बोटं बघायची." त्यांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं. बोटं दुसऱ्या पायासारखीच उबदार. अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाच्या बेचक्यात हात लावलेला कळत होता. बोटंही थोडीफार हलली. शेवटी बाईंनी अंगठा हळूच वर ताणला, तर शिंप्याने अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

"म्हणजे संवेदना उत्तम!" बाई मुलींना म्हणाल्या. "सगळं नॉर्मल."

"सकाळपासून दुखणं वाढतच चाललंय हो," शिंप्याची बायको म्हणाली. "मघाशी इंजेक्शन दिलं, त्याचाही काही उपयोग नाही."

"हाड मोडलंय, वहिनी. थोडं दुखणारच," असं म्हणून बाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

तिथे एक बाप्या ट्रॅक्शनला, म्हणजे मोडका पाय ओढून धरणाऱ्या वजनांना, बांधलेला होता. वजनं अधांतरी लटकली पाहिजेत, जमिनीला किंवा खाटेला टेकली की ओढ गेली, दोरी कप्पीतच हवी, असं सगळं बाईंनी रंगवून सांगितलं. मग जाता जाता उजळणी घेतली. "आणि प्लास्टरच्या आत स्नायूंवर दाब वाढू लागला, तर सगळ्यात आधी काय दिसतं?"

मुलींनी बाईंच्याच चालीत एका सुरात सुरू केलं, "बोट ताणल्यावर असह्य वेदना, इंजेक्शनलाही न जुमानणारी! रंग आणि नाडी बिघडेपर्यंत थांबायचं नाही!"

मागून शिंपी कण्हत होता, अगदी साथीला बसल्यासारखा.

बाई चालता चालता थांबल्या. इतकी वर्षं हेच वाक्य घोकून घेतलं, आणि ज्याच्यासाठी घोकलं तो समोर किंचाळला तर आपण त्याला शाबासकी देऊन मोकळ्या! यापेक्षा वर्गातला फळा बरा. तो निदान कोणाला खोटा धीर देत नाही. सगळ्यांसमोर नॉर्मल म्हणून बसलोय, आता परत कोणत्या तोंडाने जायचं, असंही त्यांच्या मनात आलं. या विचाराची त्यांना लगेच शरम वाटली. उशीर झाला तर स्नायू आणि नसा कायमच्या जातात, आणि याचं पोट तर शिलाई मशीनच्या पायपट्टीवर.

त्या अक्षरशः धावल्या. पायाखालच्या उशा काढून पाय छातीच्या पातळीला आणला. बायकोने नवऱ्याच्या ओठांना लावलेला चहाचा कप तिथेच अडवला. "काही देऊ नका. कदाचित ऑपरेशन करावं लागेल." मग फोन.

"बोटं गुलाबी आहेत ना?" पलीकडून डॉक्टर.

"आहेत. उबदारही आहेत. त्यावरच मी फसले, डॉक्टर. तुम्ही फसू नका, आत्ता या." मुली ऐकत होत्या. ऐकू देत.

डॉक्टर आले. त्यांनीही अंगठा ताणून पाहिला, आणि लगेच करवत लावली. प्लास्टर दोन्ही बाजूंनी उभं चिरलं, आतला कापूस थेट कातडीपर्यंत कापला. थोड्या वेळाने शिंप्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. पुन्हा अंगठा ताणला, तर तो नुसता "आई गं" म्हणाला. "वेळेत कळवलंत," डॉक्टर म्हणाले. "तूर्त चाकू टळला. पण लक्ष ठेवा. दुखणं परत वाढलं तर थेट थिएटर."

मुली जेवायला गेल्या. बाई स्टूल ओढून पायाशी बसल्या, दर थोड्या वेळाने बोटं चाचपत. शिंप्याची बायको पलीकडच्या आजोबांना सांगत होती, "या बाईंनीच पाय वाचवला."

कौतुक आलं की दोन्ही हातांनी झेलणाऱ्या बाईंना ते गिळवेना. "वहिनी, आधी सगळं ठीक आहे असं मीच म्हणाले होते."

"ऐकलं ना मी," ती शांतपणे म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही आमच्याशी कुठे बोलत होतात? त्या पोरींकडे बघून बोलत होतात."

बाईंनी स्टूल उचललं आणि पायथ्याकडून उशापाशी, जिथून शिंप्याचा चेहरा दिसत होता, तिथे नेऊन ठेवलं.

"दादा," त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

आणि तो सांगेपर्यंत त्या गप्प बसल्या.