फोटो इथे सोडा

तालुक्याच्या कचेरीतून बाहेर पडताना शेवंतीने दार असं आपटलं, की आतला शिपाई चहाचा कप घेऊन उठून उभा राहिला. बरं झालं. निदान कोणीतरी तिच्यासाठी उठलं.

डिचोलीकडच्या एका वाड्यावरच्या बारा शेतकऱ्यांनी मिळून एक संघ काढला होता आणि शेवंती त्याची चिटणीस. जुलैच्या पावसात डोंगरावरच्या खाणीच्या ढिगाऱ्यातला तांबडा गाळ ओढ्यातून खाली आला आणि भाताची कोवळी रोपं घोटाभर चिखलात गाडून गेला. हा गाळ त्या दिवशी आला, त्या शेतात आला, एवढं सिद्ध झालं की पंचनाम्यात नाव लागून भरपाई मिळणार होती. म्हणून तिने सगळ्यांना फोटो काढायला लावले. व्हॉट्सअॅपवर पाठवू दिले नाहीत. त्यात फोटोच्या पोटातली तारीख आणि ठिकाण निघून जातं, हे तिला ठाऊक होतं. एकेकाचा फोन केबलने जोडून तिने एकशे त्रेचाळीस फोटो संघाच्या लॅपटॉपवर उतरवले. बाई बारावीपर्यंत शिकलेली, पण पक्की.

आणि आज, दसऱ्यानंतरच्या सुनावणीत, साहेबांनी तिचा पेन ड्राइव्ह लावला आणि चष्मा वर केला.

"बाई, गाळ आठ जुलैचा म्हणता. इथे उघडतात तेवढ्या सगळ्या फोटोंवर तर सव्वीस ऑगस्टची तारीख आहे. सगळे एकजात. दुपारी तीन ते सव्वातीन."

"ती नव्हे. कॅमेऱ्याची तारीख बघा ना, आतली."

"आत काहीच नाही. ना तारीख, ना ठिकाण. मला मूळ फोटो हवेत."

खाणीचा माणूस शेजारी बसला होता. तो नुसता हसला, आणि तेच तिच्या डोक्यात गेलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

सव्वीस ऑगस्टला काय झालं होतं, हे तिला मोटरसायकलवर मागे बसल्या बसल्या आठवलं, आणि राग दुसरीकडे वळला. तिच्या भावाच्या मुलाकडे, गौरेशकडे. पर्वरीला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, हुशार, तोंडाने गोड.

कचेरीच्या वेबसाइटवर दोनशे केबीच्या वरचा फोटो चढत नसे. गौरेशने त्यासाठी एक छोटा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणतात तो, लिहिला होता. दर रविवारी तो यायचा, काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप करायचा, आणि संघाच्या इतर अर्जांच्या फोल्डरमधले फोटो भराभर लहान व्हायचे. पण रविवारची वाट किती बघायची? "माका काय ता काळा कळणा नाय. माका सोपा करून दी," असं तीच म्हणाली होती. मग त्याने त्याच स्क्रिप्टला एक छोटी खिडकी घातली. मधोमध राखाडी चौकोन, त्यावर लिहिलेलं: फोटो इथे सोडा. फोल्डर माऊसने ओढून चौकोनावर सोडायचा, हिरवी पट्टी भरत जायची, आणि शेवटी 'झाले' असं यायचं.

वेबसाइटची मुदत चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी संपत होती. शेवंतीने फोल्डर ओढला, सोडला. झाले. वर चढवले, आणि आनंदाने सगळ्यांना फोन केले: "आता तुमच्या फोनातले पुसा, चवथीक जागा लागतली." सगळ्यांचे फोन भरलेलेच होते. गणपतीचे, त्याच्यावर फळं-पानं बांधलेल्या माटोळीचे, नातवंडांचे फोटो काढायचे होते. शिवदास, सगुण, विठू, सगळ्यांनी पुसले.

गौरेश संध्याकाळी आला तेव्हा ती पायरीवर बसलीच होती.

"मूळ फोटो खंय आसत?"

त्याने लॅपटॉप उघडला. पाच मिनिटं एकेक फाइल उघडून पाहिली. मग म्हणाला, "आत्ये, लहान केलेले मुळांच्यावरच सेव्ह झाले. त्याच नावान. आनी परत सेव्ह करताना आतली तारीख नेवची म्हणून मी सांगूकच नाय प्रोग्रामाक."

"म्हणजे?"

"म्हणजे मूळ गेले. पण तू आधी कॉपी करून ठेवूक होयी होतीस ना. ता सगळ्यांका ठावक असता."

तिने पायातली चप्पल काढली नाही, एवढाच काय तो संयम.

"सगळ्यांका? सगळे कोण रे? तुझ्या कंपनीतले? तू दर रविवारी आदी फोल्डर दुसरीकडे कॉपी करायचस, मी बघी. मी विचारलंय, कित्याक? तू म्हणालंस, सवय. तुझी सवय त्या खिडकेत खंय घातलंस? खिडकेर लिवलंस 'सोडा', मी सोडलंय! एक अक्षर लिवलंस काय, की मूळ फोटो जातले म्हणून?"

गौरेशचं तोंड उतरलं. "दोन फोल्डर झाले तर तुझो घोळ होतलो म्हणून मीच..."

"माझो घोळ!" ती किंचाळली. शेजारचा नारायण, संघातलाच, कुंपणाशी येऊन उभा राहिला. "बारा घरांचा एक पीक गेला, आनी ह्याका माझ्या घोळाची काळजी!"

तिला स्वतःचाही राग येत होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. पुसा म्हणून सांगणारी तीच होती.

गौरेशने गेलेल्या फाइली परत काढायचं एक साधन दोन तास चालवलं. काही हाती लागलं नाही. मग फोल्डर खालपर्यंत बघताना तो थांबला.

"आत्ये, ह्या अकरा फाइली तशाच आसत."

तिला आठवलं. त्या दिवशी 'झाले'च्या खाली लाल अक्षरं आली होती: अकरा फाइली वाचता आल्या नाहीत. तिने गौरेशला फोन केला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. "ता सोड," म्हणाला होता. नारायणाची सून रेश्मा आयफोनवाली. तिचे फोटो वेगळ्या जातीचे, ते या प्रोग्रामला उघडताच आले नव्हते. उघडता आले नाहीत म्हणून प्रोग्रामने त्यांना हात लावला नव्हता. आठ जुलै, सकाळी सात चाळीस, ठिकाणासकट.

जे काम त्याला जमलं नाही, तेवढंच वाचलं. शेवंतीला हसू आलं, पण ते रागाचंच होतं.

"आता बस," ती म्हणाली. "मी सांगतंय तसा कर."

ती त्याच्या मागे उभी राहिली आणि एकेक गोष्ट करून घेतली. मूळ फोटोला हात लागणार नाही. लहान केलेले 'लहान' नावाच्या नव्या फोल्डरात जातील. तारीख आणि ठिकाण बरोबर जाईल. आयफोनचेही उघडतील. उघडले नाहीत तर शेवटी 'झाले' येणार नाही, 'अर्धे झाले' येईल. गौरेशने मुकाट्याने सगळं केलं. मग तिने नारायणाला बोलावून बसवलं, कारण त्याने जन्मात माऊस धरला नव्हता. त्याने फोल्डर चुकीच्या जागी सोडला, दोनदा सोडला, उलटा ओढला. मूळ फोटो जागच्या जागी राहिले.

पुढच्या सुनावणीत साहेबांनी ते अकरा फोटो नीट पाहिले. खाणीचा माणूस या खेपेला हसला नाही. पण अकराही फोटो एकाच, नारायणाच्या शेताचे होते.

"साहेब, गाळ सगळ्यांच्या शेतात आयला," नारायण उठून म्हणाला. "माझ्या शेताक वेगळो ओढो नाय."

"मला जे दिसतं तेच लिहिणार," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं. नारायणाचं एक शेत. बाकीच्या अकरा जणांपुढे रेघ. "पुढच्या वर्षी परत गाळ आला तर तेव्हा नीट पुरावा आणा."

परतताना गौरेश हळूच म्हणाला, "आत्ये, पुढच्या खेपेक काय अडचण नाय. खिडकी आता पक्की आसा."

शेवंती रस्त्याच्या कडेला थांबली. समोर तिचं शेत होतं, वर तांबडा थर वाळून तडकलेला.

"होय," ती म्हणाली. "आता गाळ परत येवची वाट बघतंय. तुझी खिडकी पक्की आसा म्हणून."