ओल्या बोटाचा आकडा

बस डेपोच्या आरोग्य खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि कोपऱ्यात एक नवंकोरं बेसिन होतं. हे बेसिन सिस्टरने भांडून मिळवलं होतं. भांडून म्हणजे अगदी अर्ज, स्मरणपत्रं, साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणं, सगळं करून. ज्या ड्रायव्हरांना मधुमेहाची गोळी चालू होती, त्यांची ड्युटीआधी बोटातलं रक्त घेऊन तपासणी व्हायची. नव्वदच्या खाली आकडा आला तर त्या दिवशी गाडी हातात द्यायची नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. मागे चाळीस माणसं बसलेली असताना ड्रायव्हरला भोवळ आली तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पूर्वी ही तपासणी स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून व्हायची. एकदा एक ड्रायव्हर संत्रं सोलत सोलत आत आला. सिस्टरने बोट पुसलं, सुई टोचली, आकडा आला दोनशे साठ. त्याला घाईघाईने दवाखान्यात पाठवलं, तर तिथे शिरेतल्या रक्तात साखर निघाली एकशे अठरा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की स्पिरिटने जंतू मरतात, पण बोटाला चिकटलेला फळाचा गोड रस तो बोळा पुरता काढत नाही. आणि तेवढा रस रक्ताच्या एवढ्याशा थेंबात मिसळला की आकडा आभाळाला टेकतो. साखर पाण्यात विरघळून जाते, म्हणून साबण आणि पाणीच हवं. तिथून पुढे ती बेसिनसाठी हात धुवून मागे लागली. साहेबांनी शेवटी बेसिन बसवून दिलं, साबण दिला. हात पुसायला काही द्यायचं मात्र साहेबांना सुचलं नाही, आणि तिलाही मागायचं सुचलं नाही.

बेसिन आल्याला दीड महिना झाला होता, आणि एवढ्या अवधीत एका माणसाची गाडी तीनदा थांबली होती.

त्या माणसाला डेपोत सगळे 'इस्त्री' म्हणत. सव्वीस वर्षं स्टिअरिंग हातात, आणि सव्वीस वर्षांत त्याच्या गणवेशाला कुणी चुणी पाहिली नव्हती. तो सिस्टरला ताई म्हणायचा, वयाने दहा-बारा वर्षांनी मोठा असूनही. पहिल्यांदा त्याचा आकडा एक्याऐंशी आला, तेव्हा तो हसला होता. मला तर काही होत नाहीये, म्हणाला. घाम नाही, थरथर नाही. सिस्टरने त्याला साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा चढला होता. म्हणजे साखर खरोखरच उतरली होती, असंच दोघांनी धरलं. काही जणांना साखर उतरल्याचं कळतच नाही, आणि तेच जास्त धोक्याचं, असंही तिने त्याला समजावलं. ते खरंच होतं. पण त्या वाक्याने त्या माणसाचं काय केलं, हे तिला पुढे कळलं.

दुसऱ्यांदा चौऱ्याहत्तर. तिसऱ्यांदा सत्त्याहत्तर. त्याच्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. घरी त्याच्या बायकोने त्याला दर दोन तासांनी काहीतरी खायला घालायचा सपाटा लावला. खिशात कायम गोळ्या-चॉकलेट. नातीला स्कूटरवरून शाळेत सोडायचं काम त्याने आपणहून जावयावर सोपवलं. मला कळत नाही ना कधी उतरते ते, असं त्याचं म्हणणं. डेपोने पत्र काढलं: पुढच्या सोमवारपासून चौकशी खिडकीवर बसायचं. त्या पत्राला जोडलेला तीन आकड्यांचा कागद सिस्टरच्याच अक्षरातला होता.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा आला. शेवटचे दोन दिवस त्याच्या मार्गावरची गाडी त्यालाच चालवू द्यावी, असं साहेबांनी मोठ्या मनाने ठरवलं होतं, अर्थात तपासणी नीट आली तर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एरवी सकाळी दारात रांग असायची आणि सिस्टर साखर मोजायच्या मशीनमध्ये पट्टी घालत, वहीत वेळ लिहीत असायची. ड्रायव्हर हात धुवून येतात, एवढंच तिला माहीत. कसे येतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आज वेळ होता म्हणून ती बघत राहिली.

त्याने हात धुतले ते अगदी मन लावून, नखांच्या कडांपर्यंत. मग हात झटकले आणि दोन्ही पंजे वर धरून, गणवेशाला थेंब लागू न देता, तो खुर्चीत येऊन बसला. बाकीचे ड्रायव्हर काय करत? चालता चालता पँटला हात पुसून मोकळे होत. इस्त्रीच्या कडक पँटला हात पुसणं शक्यच नव्हतं.

तिने सवयीने त्याचं बोट धरलं. बोट गार आणि ओलं होतं. तिने सुई टोचली, हलकेच दाबलं. रक्ताचा थेंब बोटावर मण्यासारखा उभा राहायला हवा होता. तो उभा राहिला नाही. तो पसरला, बोटावरच्या रेषारेषांतून वाट काढत नखाच्या कडेकडे गेला, आणि कडेला त्याचा रंग फिकट गुलाबी दिसला. तिने पट्टी लावली. एकोणऐंशी.

त्याने सवयीने खिशात हात घातला आणि चॉकलेट काढलं.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "खाऊ नका अजून. मिनिटभर."

तिने कपाटातून गॉझचं स्वच्छ कापड काढलं आणि त्याचा दुसरा हात पुसला. पंजा, मग एकेक बोट, मग बोटांच्या बेचक्या. लहान मुलाचे हात पुसावेत तसे. बोट पुरतं कोरडं झालंय का ते तिने आपल्या बोटाने पाहिलं. मग सुई टोचली. या वेळी थेंब गोल, गडद आणि टपोरा वर आला. मशीनने आकडा दाखवला तो एकशे सेहेचाळीस.

एकाच माणसाचं, एकाच मिनिटातलं रक्त. एकोणऐंशी आणि एकशे सेहेचाळीस.

तिने पहिला हातही पुसून कोरडा केला आणि तिसऱ्यांदा टोचलं. एकशे त्रेचाळीस. ती खुर्चीत मागे टेकली.

"काय झालं ताई?" त्याने विचारलं. "मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुमचे हात ओले होते."

तिने त्याला नीट सांगितलं. मशीनला लागतं ते रक्त टाचणीच्या डोक्याएवढं. धुतलेल्या बोटावर पाण्याचा पातळ थर राहतो, तो त्या थेंबात मिसळतो, आणि मशीनला वाटतं की सगळं रक्तच आहे. पाणी घातलेल्या दुधासारखं. दूध तेवढंच, पण पातळ झालेलं. म्हणून आकडा खाली. रांगेत थांबावं लागलं त्या दिवशी हात वाळलेले असायचे, म्हणून रोज असं झालं नाही. आणि साखरेचं पाणी पिऊन पंधरा मिनिटं बसेपर्यंत हात आपसूक वाळायचे, त्यामुळे दुसरा आकडा खरा यायचा, आणि दोघांना वाटायचं की साखरेने गुण आला. तुमची साखर या दीड महिन्यात एकदाही उतरली नसावी, ती म्हणाली. उलट निम्मी गोळी आणि खिशातलं चॉकलेट यांनी ती चढलीय.

त्याने आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. तिला वाटलं, आता हा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मला कळत होतं," तो हळूच म्हणाला. "मला काही होत नाहीये, हे मला बरोबर कळत होतं."

"हो. तुम्हाला बरोबर कळत होतं."

त्याने खिशातलं चॉकलेट टेबलावर ठेवलं. मग त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उठून वजनकाट्यापाशी जाऊन उभा राहिला. सिस्टरने वहीत तोंड घातलं आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला.

दुपारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना जे सुचायचं तेच सुचलं: मग बोळेच परत आणू, पाण्याची भानगडच नको. सिस्टरला हे अपेक्षित होतं. तिने पिशवीतून एक संत्रं काढून त्यांच्यासमोर सोललं. बोट स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं आणि स्वतःलाच टोचलं. दोनशे तीन. मग साबणाने हात धुवून, कोरडे करून, दुसऱ्या बोटाला. सत्त्याण्णव. मग तेच हात पुन्हा भिजवून, न पुसता, तिसऱ्या बोटाला. एकसष्ट. तिन्ही पट्ट्या, शेजारी आकडे लिहून, तिने त्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

साहेब पट्ट्यांवर वाकले. "यातलं तुमचं खरं कुठलं?"

"मधलं. धुवायचं आणि पुसायचं. एवढंच."

बोळा अगदीच टाकाऊ नाही, असंही तिने सांगितलं. जिथे पाणीच नाही तिथे तो चालेल, पण स्पिरिट पुरतं वाळू द्यायचं, नाहीतर तेही पाण्यासारखंच थेंबात मिसळतं. आणि पहिला थेंब पुसून दुसऱ्यावर तपासायचं. पण बेसिन असताना बोळा कशाला? तिला फक्त कागदी रुमालांचा एक डबा हवा होता. आणि इस्त्रीच्या पत्राला जोडलेला कागद चुकीचा होता, चूक तपासणाऱ्याची होती, असं तिने स्वतःच्या सहीने लिहून आणलं होतं. साहेब म्हणाले, तुमच्या सेवापुस्तकात हे कायमचं राहील. राहू दे, ती म्हणाली.

लगेच काही सगळं जागच्या जागी आलं नाही. डॉक्टरांचं पत्र यायला दोन आठवडे लागले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली, त्यात साखर पूर्वीपेक्षा वाढलेली निघाली. गोळी पुन्हा होती तेवढी झाली. तोवर इस्त्री चौकशी खिडकीत बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगत होता. त्याचा जुना मार्ग दुसऱ्याला दिला गेला तो गेलाच. त्याच्या वाट्याला आला लांबचा, खड्ड्यांचा रस्ता. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, पण एकदा म्हणाला की जुन्या मार्गावरची माणसं आठवतात.

परतल्यावर पहिल्या दिवशी तो वेळेआधी अर्धा तास आला. हात धुतले. डब्यातून एक कागद ओढला, पुसले, मग दुसरा ओढून पुन्हा पुसले. सिस्टरने बोट धरलं तेव्हा ते कोरडं ठणठणीत होतं. आकडा आला एकशे सव्वीस. तो उठेना.

"ताई, अजून एकदा बघता?"

एकदा पुरेसं होतं. नियमानेही एकच पट्टी होती. तिने दुसरी पट्टी घातली आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे घेतलं. एकशे चोवीस. तेव्हा कुठे तो उठला, टोपी सारखी केली आणि गाडीकडे गेला.

पुढे महिनाभर तो रोज दुसऱ्यांदा बघायला सांगत होता आणि ती रोज बघत होती.