लाल गोल

माह्या हातात लाल पेन होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणारे सगळं पाप निरंजनच्या डोक्यावर ठेवतात अन् मले चहा पाजतात.

मी सत्यभामा. गुढ़ियारीत रेल्वेफाटकाजवळ एक पॅथॉलॉजी आहे, तिथं बावीस वर्षं रक्त काढलं. ही गोष्ट आमचं शहर नव्या राज्याची राजधानी होऊन वर्षभर झालं तेव्हाची. तेलीबांध्याकडं साहेबलोकांची नवी घरं उठून राहिली होती अन् आमच्याकडं पेशंटची रांग रस्त्यावर यायची. डॉक्टर सही करायले संध्याकाळी येत. दिवसभर मीच. नमुना घेणं, नळ्या लावणं, रिपोर्ट लिहिणं, अन् जो आकडा नॉर्मलच्या वर-खाली जाईल त्याच्याभोवती लाल गोल करणं. गोल करायले कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या नजरेत लवकर यावं म्हणून माहीच सवय.

मीराच्या रिपोर्टवर मी असाच गोल केला. लग्नाले वर्ष न झालेली पोट्टी, अंग मोडते, ताप वाटते, सकाळी अन्न पाहून उलटी येते म्हणून आलेली. ईएसआर, म्हणजे तासाभरात लाल पेशी नळीत किती खाली उतरतात तो आकडा, बासष्ट. पाहिजे विसाच्या आत. गोल. त्याच्याच वरच्या ओळीत हिमोग्लोबिन होतं, साडेसात; पाहिजे बारा. त्याले गोल केला नाही. काहून? अवो, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दर दुसऱ्या बाईचं तितकंच असते. त्याले गोल करत बसले असते तर पेनच पुरला नसता.

रिपोर्ट न्यायले नवरा आला, निरंजन. पंडरीच्या बाजारातून कपड्याच्या गाठी वाहायची मिनी ट्रक चालवायचा. लाल गोलावर बोट ठेवून म्हणे, "दीदी, ये बहुत ज्यादा है क्या?"

रांग खोळंबली होती. मी मान वर न करता बोलले, "हव, लई आहे. डॉक्टरले दाखव."

तो डॉक्टरकडं गेलाच नाही. पाऱ्यातल्या सुई टोचणाऱ्या कंपाउंडरकडं गेला. त्यानं गोल पाहिला अन् सांगितलं, इतका ईएसआर म्हणजे टीबी. झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला त्यानं मीराले केसाले धरून माह्या दारात आणलं. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता. मागं सासू विमलाबाई लंगडत, अन् तिच्यामागं सासरा श्यामराव, रेल्वेतून रिटायर झालेला, जमिनीकडं पाहत. निरंजनच्या दुसऱ्या हातात ट्रकचं चाक खोलायची लोखंडी टॉमी. रांगेतले लोक पाहता पाहता पांगले.

"लिहून दे," निरंजन ओरडला. "टीबी आहे म्हणून लिहून दे. हिच्या बापानं फसवलं. आज संध्याकाळच्या गाडीनं हिले गोंदियाले बापाच्या घरी टाकून येतो, नाहीतर इथंच मारून टाकतो."

अन् त्यानं टॉमी फिरवली. काउंटरची काच फुटून माह्या पायाशी आली. मीरा कोपऱ्यात बसली, तर विमलाबाईनं तिच्या पाठीत लाथ घातली. "टीबीवाली आमच्या गळ्यात बांधली, भवाने! माह्या लेकाले लागली म्हणजे?"

मले भीती वाटायले पाहिजे होती. पण मले आला राग. माहा राग असा की आधी तोंड उघडते, अक्कल मागून चालत येते.

"अबे ए! रक्ताचा आकडा पाहून टीबी सांगणारा तो कोण मोठा? छातीचा फोटो काढला? थुंकी तपासली? ते पाहून टीबी सांगतात. अंगात काहीतरी होऊन राहिलं, इतकंच ईएसआर सांगते. कुत्रा भुंकला म्हणजे दारात कोणी आलं. चोर आला का पाहुणा, हे कुत्रा सांगत नाही!"

"कागदावर लाल गोल तूच केला ना?"

गोल माहाच होता. म्हणून मी पैज लावली. राग असला की माणूस पैजाच लावते.

"बस. चौघांचं रक्त देजा. तुहं, बापाचं, आईचं, हिचं. एक तास थांबा. हिचाच आकडा सगळ्यात मोठा निघाला तर लिहून देते. दुसऱ्या कोणाचा निघाला तर टॉमी ठेवून गप घरी जायचं."

लिहून मी देणारच नव्हते, अन् तो अधिकारही मले नव्हता. पण मी विमलाबाईची बोटं पाहिली होती. सांधे सुजून वाकडे, गुडघे फुगलेले, पाय टाकताना तोंड वाकडं. इतकी वर्षं सुई लावताना असे हात लई पाहिले. मले माहीत होतं, म्हातारीची नळी कुठवर उतरेल.

निरंजनले वाटलं, आपण जिंकलोच. बाही वर केली.

चार नळ्या उभ्या केल्या. दीड वीत लांब काचेच्या नळ्या, वर शून्य, खाली दोनशे. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळलेलं. स्टँड सरळ आहे का ते दोनदा पाहिलं. नळी जराशी जरी तिरपी झाली तर पेशी काचेवरून घसरत भराभर खाली येतात अन् आकडा खोटा फुगते.

"आता तासभर ह्या टेबलाले कोणी हात लावायचा नाही. हादरा बसला तर सगळं पुन्हा करावं लागन."

त्याच्यामुळं तो तास मिळाला. टॉमी मांडीवर घेऊन तो बाकावर बसला, मूठ वळत अन् सोडत. एकदा विमलाबाई मीराले शिव्या द्यायले लागली तर तोच खेकसला, "गप बस ना माय, टेबल हालन!"

मी मीराले पाणी दिलं, ओठ पुसला. कानाशी लागून विचारलं, "पोरी, पाळी कधी आली होती?"

तिनं बोटांवर मोजलं. "दिवाळीच्या आधी, दीदी. अशक्तपणानं गेली असन, असं वाटलं."

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. सकाळच्या उलट्या. इतक्या वर्षांची शहाणी मी, अन् हे त्याच दिवशी विचारलं नाही! तिले बाटली देऊन मागच्या मोरीत पाठवलं. लघवीचे थेंब दिवस गेलेत का पाहायच्या कार्डावर टाकले. पाच मिनिटांत दोन रेघा. ठळक.

म्हणजे सगळं जागेवर बसलं. पोटात मूल असलं की रक्तातलं एक चिकट प्रोटीन वाढते, फायब्रिनोजेन. लाल पेशी एरवी एकमेकींपासून दूर दूर राहतात. हे प्रोटीन वाढलं की त्या एकीवर एक चिकटतात, पुऱ्यांच्या थप्पीसारख्या, अन् थप्पी जड म्हणून लवकर बुडते. त्यात हिचं रक्त पातळ. पेशी कमी, गर्दी कमी, वाट मोकळी, आणखीनच वेग. बासष्टचा हिशोब तिथंच कागदावर होता. चोर नव्हता, पाहुणा होता.

आता ऐका, मी काय केलं. ते कार्ड तेव्हाच वर धरून सांगायले पाहिजे होतं, की बावाहो, पोरगी दोन जिवांची आहे. तास भरायले अजून वीस मिनिटं होती. मी कार्ड एप्रनच्या खिशात टाकलं. आधी म्हातारीची जिरवू, मग सांगू. तिनं पोरीच्या पाठीत लाथ घातली होती ना. मले तिचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं. इतकंच.

पावणेचारले मी मोठ्यानं वाचलं. निरंजन पाच. श्यामराव अठरा. मीरा चौसष्ट.

"पाहिलं!" निरंजन उठला.

"थांब. विमलाबाई, अठ्ठ्याण्णव." मी कंबरेवर हात ठेवले. "बोल आता! कोणाले टाकतो गोंदियाले? तुह्या हिशोबानं मोठी टीबीवाली तर तुही माय निघाली!"

म्हातारीचं तोंड उतरलं. जसं मले पाहिजे होतं, तसंच. ती म्हणत राहिली, "माहे तर गुडघे दुखतात वो, माहे गुडघे..." श्यामरावनं, चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यानं, पदर तोंडाशी धरावा तसा रुमाल नाकाले लावला अन् बाकावर दूर सरकला.

मले वाटलं होतं निरंजन खजील होईल. पण त्याले मी कुठं काय शिकवलं होतं? मोठा आकडा म्हणजे टीबी, हेच तर मी त्याच्याच तोंडावर फेकलं, फक्त बोट दुसरीकडं करून.

"म्हणजे तूच घरात आणली," तो आईले म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "तूच हिले लावली. माह्या ताटात वाढत होती तू."

"अबे नाही, तसं नाही!" मी ओरडले. "तिले संधिवात आहे, त्यानंही वाढते..."

त्यानं टॉमी उचलली. म्हातारीले पळता येत नव्हतं. मीरा उठली. ज्या बाईनं तासाभरापूर्वी लाथ घातली, तिच्यापुढं ती पोट्टी आडवी गेली. टॉमी तिच्या कुशीत बसली. ती टेबलावर पडली, स्टँड कोसळला, चारही नळ्या फुटल्या अन् चौघांचं रक्त एक होऊन फरशीवर आलं. त्यानं दुसऱ्यांदा हात वर केला तेव्हा मी लोखंडी स्टूल उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. मले बरं वाटलं, खोटं काहून बोलू? टॉमी खाली पडली. विमलाबाई मीरावर पालथी पडून बोंबलत होती, "नको मारू रे, माह्या सुनेले नको मारू!"

मग मी कार्ड काढलं. "गरोदर आहे ती," म्हटलं. फरशीवर मीराची साडी खालून लाल होत चालली होती. ते रक्त नळीतलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मूल गेलं, मीरा वाचली. तिथं छातीचा फोटो काढला, साफ निघाला. निरंजनले पोलिसांनी धरून नेलं. श्यामराव पोराच्या जमानतीसाठी धावत राहिला.

चार महिन्यांनी मीरा आली, गोंदियाहून, बापासोबत. बाप बाहेर थांबला. केससाठी तिले जुन्या रिपोर्टची नक्कल पाहिजे होती. मी फाइलीतून मूळ कागद काढला. तिनं लाल गोलावर बोट ठेवलं, अगदी नवऱ्यानं ठेवलं होतं तसंच.

"दीदी, हा गोल कोणत्या बिमारीचा?"

"कोणत्याच नाही," मी म्हटलं. "माह्या सवयीचा. अन् मीरा, ते कार्ड वीस मिनिटं माह्या खिशात होतं. तुह्या सासूची जिरवायची म्हणून मी दाबून ठेवलं."

तिनं मले मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं गोलावरचं बोट उचललं. मग कागद माह्याकडं सरकवला.

"हेच कोर्टात सांगजा," ती म्हणाली. "खिशाचंही."

पुढच्या तारखेले मी गेले. निरंजन समोर उभा होता, मनगट वाकडंच जुळलेलं. वकिलानं विचारलं, हा लाल गोल कोणी केला? मी हात वर केला.