उतू घालायचं दूध

बिघडलेल्या लिफ्टमध्ये कुठली तार कुठे जाते, हे त्याला डोळे मिटून कळायचं. पण आज नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून त्याची मती गुंग झाली होती. मदतीला आलेली आत्या तांब्याचा वास्तुपुरुष हातात घेऊन स्वयंपाकघराचा आग्नेय कोपरा शोधत होती.

"इथली फरशी उचकट. याला पालथा पुरायचा असतो."

"आत्या, घर भाड्याचं आहे गं! मालक मलाच पुरेल."

शेवटी त्यानं गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "वास्तुशांत घराच्या मालकानं करायची. तुम्ही गणपती पुजा, कलश मांडा, दूध उतू घाला."

"म्हणजे हे घर आमचं मानायचं की नाही?"

"राहताय ना? झालं तर मग!"

काय झालं ते त्याला काही कळलं नाही. बायकोला मात्र नक्की उत्तर हवं होतं. मागच्या मालकानं महिन्याभरात घर सोडायला लावल्यापासून तिला कुठेच धड झोप लागत नव्हती. "इथे तरी सगळं नीट होऊ दे," एवढंच ती रात्रंदिवस म्हणत होती.

मग तिघं दाराबाहेर आली. आत्यानं उंबरठ्याला हळदकुंकू लावलं. बायकोनं कलश उचलला. आत पाणी, नाणं, सुपारी, वर आंब्याची पाच पानं आणि नारळ. त्यानं देवाची तसबीर धरली. त्यानं घाईत डावा पाय पुढे टाकला, तशी आत्या ओरडली. बिचारा मागे फिरून पुन्हा उजव्या पायानं आत आला. तांदळाच्या राशीवर कलश बसला, दिवा लागला, गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीला गंध, फूल, गूळ वाहिला.

मग नव्या पातेल्यात दूध तापायला ठेवलं. "काठोकाठ भरून वर सांडायला हवं. घरात कशाला कमी पडू नये म्हणून," आत्या म्हणाली.

दूध फुगलं, काठाला आलं, आणि बायकोनं झटकन गॅस बारीक केला. पंधरा वर्षं कँटीनमध्ये दूध सांभाळलेला हात तो! साय खाली बसली.

"मीच घालवलं," ती मटकन खाली बसली. "आपल्या हातानं."

अपशकुन झाला का, गुरुजींना विचारायचं का, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का? त्यानं आपला गॅस मोठा केला, बायकोला उठवलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

दूध पुन्हा चढलं. तिची बोटं त्याच्या मुठीत वळवळली.

"अहो, सोडा! जाईल ना!"

"जाऊ दे."

दूध भसकन वर आलं, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर ओघळलं. फडकं घ्यायला ती धावली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, उतू जाणाऱ्या दुधाकडे ती नुसती बघत उभी राहिली, आणि त्याच्या मुठीतले तिचे हात हळूहळू सैल पडले.