प्रमुख, हाताखाली कोणी नाही

कारखान्यात सगळे तिला हेडबाई म्हणत. म्हणणारच, दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलं होतं: मनुष्यबळ प्रमुख. आता या प्रमुखाच्या हाताखाली माणसं किती? एकही नाही. एका वर्षी पगार वाढवणं मालकांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी हुद्दा वाढवून दिला, झालं. सव्वाशे कामगारांची भरती, हजेरी, पगारपत्रक, भांडणं, सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात. कामगार तिच्याशी जपून बोलत, कारण ती मालकांची माणूस. मालक बोलतच नसत. अकरा वर्षं ती त्या खोलीत एकटी बसली.

आता कारखाना बंद होत होता. सगळ्यांचे अनुभवाचे दाखले तिनेच तयार केले, स्वतःचासुद्धा.

एका मोठ्या कंपनीत दोन जागा निघाल्या. 'एचआर एक्झिक्युटिव्ह'चं काम तिने वाचलं, तर ती रोज करायची तेच. अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी नकार आला: आपला हुद्दा या जागेपेक्षा वरचा आहे. मग चिडून तिने 'एचआर प्रमुख'च्या जागेसाठी अर्ज ठोकून दिला, तर लगेच मुलाखतीचं बोलावणं! माणसानं करावं तरी काय?

मुलाखतीला पिकल्या केसांच्या एक अधिकारी बाई होत्या. टीम किती जणांची, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. थाप मारता आली असती. पण मारून किती दिवस निभावणार?

"कोणी नाही. मी एकटीच," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्याकडे प्रमुखाच्या हाताखाली चाळीस माणसं, चार कारखान्यांची धोरणं त्याने ठरवायची. संगणकाने नुसतं पदाचं नाव जुळवलं, असं त्या ओशाळून म्हणाल्या. हेडबाईचा संयम सुटला. त्याच नावापायी तिचा पहिला अर्ज केराच्या टोपलीत गेला होता.

"मॅडम, हुद्दा झाकून कागद वाचा."

बाईंनी खरंच त्या ओळीवर तळहात ठेवला आणि खालचं वाचलं. महिन्यात तीस वेल्डर कसे भरले, हजेरीवरून पगार कसा काढता, तंटा कसा मिटवता, सगळं खोदून खोदून विचारलं. हिला एकदाही अडखळावं लागलं नाही.

"हे आमच्या एक्झिक्युटिव्हचं काम आहे, आणि तुम्ही ते चोख करता. जागा अजून रिकामी आहे. पण हुद्दा खाली येईल. चालेल? काही विचारायचं असेल तर विचारा."

हेडबाई जरा घुटमळली. "मी रजेवर असले, तर माझं काम कोण करेल?"

बाईंना प्रश्नच कळेना. "बाकीच्या पाचजणी आहेत ना. घेतील वाटून."

हेडबाईला आई आठवली. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून तिने पगारपत्रक पुरं केलं होतं. आई आत होती, आणि ही बाहेर कोणाची किती हजेरी ते बघत होती.

"चालेल," ती म्हणाली, आणि त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडली.