आईच्या फोनमधलं जुनं खातं

घटस्फोट झाला तरी सून दर रविवारी सासूला फोन करायची, आणि नेमकं तेच लेकीला खुपायचं. आईच्या फोनमध्ये अजून सुनेनेच उघडून दिलेलं जुनं ईमेल खातं होतं.

"काढ बाई ते, पण माझं काही जाऊ देऊ नकोस," आई म्हणाली.

लेक कामाला पक्की. तिने नवं खातं जोडलं, सगळे फोटो त्यात चढल्याची खात्री केली, चॅटचा बॅकअपही नव्या खात्यावर घेतला. सगळे नंबर एका फाइलमध्ये उतरवून नव्या खात्यात आणले, आणि मगच जुनं काढलं. काही म्हणता काही गेलं नाही. शेवटी तिने सुनेचा नंबर ब्लॉक केला आणि यादीतून पुसला.

"सूनबाईचा नंबर दिसत नाही गं."

"खातं तिनेच उघडलेलं ना? तिकडून स्वतःचं नाव पुसलं असेल."

आईचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं असेल?"

लेकीने फोन तिच्या हातात दिला. "तुझं काही नाही. तिची गरज सरली."

पुढचे कितीतरी रविवार आई फोन मांडीवर घेऊन बसली. मग बसायची थांबली आणि सुनेला कृतघ्न म्हणू लागली. लेक शेजारी बसून मान डोलवायची.