सतराची क्रेन

अच्युत सरांना तारखांचा राग होता असं नाही. त्यांना तारखा आवडत, फक्त त्यांच्या मागेपुढे काही लटकलेलं नको असे. ‘जर’, ‘तर’, ‘बाकी’ असले शब्द त्यांना शर्टावरच्या डाळीच्या डागासारखे वाटत.

पंधरा तारखेला सकाळी प्लांटमधून राजदीपचे पाच मेसेज आले. कन्व्हेयर बेल्टच्या फ्रेम बदलायचं काम अच्युत सरांच्या ठेकेदार कंपनीकडे होतं आणि राजदीप तिथला सुपरवायझर. हेल्मेटखालून, एका अंगठ्याने लिहिलेले मेसेज. मराठी, हिंदी, इंग्रजी एका दमात, पूर्णविराम कुठेच नाही. प्लांटच्या गीता मॅडमकडे ते नीट करून पाठवायचं काम सुपेला भागातल्या ऑफिसात बसणाऱ्या नीरजाचं.

पहिल्या मेसेजात बावीसपैकी चौदा फ्रेम बसल्या होत्या, चौथ्यात बारा. नीरजाने अंदाज न लावता फोन केला.

“चौदाच होत्या ताई. दोन रेषेत नाही बसल्या, काढून टाकल्या. बाराच लिहा. अन् वीस तारखेची गोष्ट लिहिली ना मी? सतराला क्रेन भेटली तरच वीस. नाही तर नाही होत.”

“लिहिलंय तुम्ही. तसंच ठेवते.”

तिने लिहिलं: ‘२२ पैकी १२ फ्रेम बसवल्या, दोन रेषेत न बसल्याने काढल्या. वेल्डिंगचे आठ जोड पूर्ण, पैकी तीनची तपासणी बाकी. १७ तारखेला क्रेन मिळाल्यास काम २० तारखेला पूर्ण होईल.’

अच्युत सरांनी वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

“आधी चौदा, आता बारा? काम उलटं चाललंय का? हे वाचून ती बाई आपल्याला बाहेर काढेल.”

“आकडा खरा आहे सर.”

“खरा असेल गं. पण सुंदर आहे का?” असं म्हणून त्यांनी कीबोर्ड ओढला. बारा फ्रेमच्या ‘बहुतांश फ्रेम’ झाल्या. तपासणीचे तीन जोड गेले. क्रेनही गेली. उरलं ते असं: ‘२० तारखेला काम सुपूर्द करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ ‘कटिबद्ध’ लिहिताना त्यांचा चेहरा लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यासारखा झाला. नीरजा काही म्हणेपर्यंत मेल गेलीसुद्धा.

सोळाला आढावा बैठक. प्लांटच्या बाजूने गीता मॅडम, या बाजूने अच्युत सर, नीरजा आणि बुटांवर धूळ घेऊन आलेला राजदीप.

“छान,” गीता मॅडम म्हणाल्या. “वीसला बेल्ट चालू करायचं ठरवलंय. तुम्हाला क्रेन लागत नाही असं दिसलं, म्हणून उद्याची क्रेन मी दुसऱ्या खात्याला देऊन टाकली.”

राजदीप उठूनच उभा राहिला. “मॅडम, दहा फ्रेम हाताने उचलू का आमी? मी तर सतराची क्रेन मागून राहिलो होतो!”

अच्युत सर हसले. “साइटवरून ही माहिती वेळेत आली नाही, मॅडम. सुपरवायझर नवीन आहे. बदलून टाकू.”

नवीन! राजदीप खुर्सीपार वस्तीतून रोज याच गेटमधून आत येत होता, अच्युत सर या कंपनीत येण्याच्या आधीपासून. नीरजाला राग आला नाही. तिला किळस आली, पाण्याच्या ग्लासात केस सापडल्यावर येते तशी.

तिने फोन टेबलावर ठेवला. “मॅडम, त्यांचा मूळ मेसेज हा. काल सकाळी नऊ वाजून दहाचा. क्रेनची अट यात आहे. आमच्या मेलमधून ती काढली गेली.”

“कोणी काढली?” गीता मॅडमनी विचारलं.

अच्युत सर फाइलची दोरी बांधू लागले. ती बांधलेलीच होती.

गीता मॅडमनी मेसेज दोनदा वाचला आणि फोन लावला. उद्याची क्रेन परत मिळेना, एकोणीसची मिळाली. राजदीपने बोटांवर मोजून बावीस तारीख सांगितली, “एकोणीसला भेटली तर,” हेही जोडलं. गीता मॅडमनी तेही लिहून घेतलं. “सुपरवायझर हेच राहतील,” त्या म्हणाल्या. “बेल्ट आणखी दोन दिवस बंद राहील, त्याचं उत्तर मला लेखी हवं. आजच.”

ऑफिसात परतल्यावर अच्युत सर मऊ झाले. “नीरजा, जरा नीट लिही. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ असं घाल. अटबिट नको.”

तिने लिहिलं: ‘राजदीप यांनी १५ तारखेला कळवलेली क्रेनची अट आमच्या मेलमधून आम्ही वगळली. तपासणीचे तीन जोडही त्यात नव्हते. १९ तारखेला क्रेन मिळाल्यास काम २२ तारखेला पूर्ण होईल.’

“‘आम्ही’ कावून?” सर चिडले की त्यांची शुद्ध भाषा सुटे. “मीच दिसतो ना त्यात!”

“मेल तुमच्या नावाने गेली होती, सर. ‘मी’ करू?”

त्यांनी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “‘आम्ही’च राहू दे.”

तिने ‘पाठवा’ दाबलं आणि प्रत राजदीपला टाकली.